लहान माप, मोठा आकडा

सिन्नरच्या एका भुसार व्यापाऱ्याची नात शाळेच्या खगोल प्रश्नमंजूषेत उतरली होती. प्रश्न आला : व्याध हा तारा २.६४ पार्सेक अंतरावर आहे. हे अंतर किती प्रकाशवर्षे होते? एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षे, हे तिला पाठ होते. मात्र घाईत तिने भागाकार केला आणि ०.८१ असे उत्तर दिले. गुण गेला.

रात्री दुकान वाढवून आलेल्या आजोबांनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, "क्विंटलचे किलो करताना आकडा वाढतो की घटतो?"

"वाढतो. किलोचे माप लहान, म्हणून ते जास्त वेळा लागते," असे म्हणता म्हणता ती थांबली. प्रकाशवर्ष हेही पार्सेकहून लहान माप. म्हणजे गुणाकारच हवा होता. २.६४ गुणिले ३.२६, सुमारे ८.६ प्रकाशवर्षे.

मग चूक ओळखण्याची दुसरी खूणही तिची तिलाच सापडली. सूर्य वगळता आपल्याला सर्वांत जवळचा तारा सुमारे ४.२ प्रकाशवर्षांवर आहे. व्याध एका प्रकाशवर्षाच्या आत असणे शक्यच नव्हते. त्या रात्री तिने वहीत लिहून ठेवले : आकडा वाढणार की घटणार, हे आधी ठरवावे, आकडेमोड नंतर.