विश्वास, विश्वस्त आणि मुखत्यार



खासगी विश्वस्तव्यवस्था, म्हणजे एकाच्या नावावरील मालमत्ता दुसऱ्याच्या हितासाठी सांभाळण्याचे कायदेशीर बंधन, केवळ सद्भावनेतून निर्माण होत नाही. १८४० साली नाइट विरुद्ध नाइट या खटल्यात लॉर्ड लँगडेल यांनी त्यासाठी तीन गोष्टी निश्चित हव्यात असे सांगितले: बंधन घालण्याचा हेतू, त्या बंधनाखाली येणारी मालमत्ता आणि तिचे लाभार्थी. भारतीय न्यास अधिनियम, १८८२ च्या कलम ६ मध्ये त्यांच्या जोडीला व्यवस्थेचा उद्देशही आहे. शिवाय मृत्युपत्राखेरीज अन्य मार्गाने व्यवस्था करायची असेल आणि मालक स्वतःच विश्वस्त होणार नसेल, तर मालमत्ता विश्वस्ताकडे प्रत्यक्ष हस्तांतरित व्हावी लागते. सार्वजनिक धर्मादाय संस्थांना हा अधिनियम लागू नाही.

मावशींच्या मृत्युपत्राच्या मसुद्यातील वादग्रस्त वाक्य या कसोट्यांवर घासून पाहण्याजोगे आहे: ‘सदनिका आणि बँकेतील बरीचशी रक्कम धाकट्या दिरांकडे जावी, घरातील गरजू मुलांना ते ती योग्य प्रकारे देतील अशी आशा आहे.’ यातील ‘आशा’ हा शब्द दिरांवर नैतिक भार टाकतो, पण कायदेशीर कर्तव्य लादतो असे म्हणणे कठीण आहे. याबाबत इंग्रजी आणि भारतीय कायद्यांत एक गमतीचा फरक आढळतो. कलम ६ खालील पहिल्याच उदाहरणात, विशिष्ट व्यक्तीच्या हितासाठी मालमत्तेची व्यवस्था केली जाईल असा ‘पूर्ण विश्वास’ व्यक्त करून दिलेल्या मालमत्तेवर विश्वस्तव्यवस्था निर्माण होते असे म्हटले आहे. उलट १८८४ साली इंग्रजी न्यायालयाने अ‍ॅडम्स आणि केन्सिंग्टन व्हेस्ट्री प्रकरणात, मुलांबाबत पत्नी योग्य तेच करील असा पूर्ण विश्वास लिहिलेला असूनही, ती मालमत्ता पत्नीला निर्विवाद मालकीने मिळाली असे ठरवले. अशा शब्दांवर विसंबून राहणे म्हणजे वारसांना खटल्याचे आमंत्रणच होय.

‘बरीचशी रक्कम’ हा दोष अधिक गंभीर आहे, कारण किती पैशांवर बंधन आहे हे कोणालाच सांगता येणार नाही. मालमत्तेचा ‘मोठा भाग’ वाटावा अशी इच्छा त्याच कलमाच्या दुसऱ्या एका उदाहरणात निष्फळ ठरली आहे. ‘गरजू मुले’ कोणती, हे ठरवण्याचे मापही मसुद्यात नाही. परिणामी दिरांना सदनिका स्वतःची म्हणून विकता येईल आणि मुलांच्या हाती दाव्याचा ठोस आधार राहणार नाही. मुलांची नावे, खात्यातील निश्चित रक्कम किंवा हिस्सा आणि ‘विश्वस्त म्हणून धारण करतील’ असे स्पष्ट शब्द घातले, तर हे तिन्ही दोष दूर होतात.

दिरांकडे आधीच मुखत्यारपत्र आहे, तेव्हा वेगळे विश्वस्तपद कशाला, हा मसुद्यामागचा समज मुळातच चुकीचा आहे. मुखत्यार हा करार कायद्यातील अभिकर्ता असतो: मालमत्ता मालकाचीच राहते, मुखत्यार मालकाच्या सूचनेने वागतो आणि मालकाला सामान्यतः तो अधिकार काढून घेता येतो. मालकाच्या निधनाने हा अधिकार सामान्यतः संपतो. त्यानंतर वारसांसाठी मालमत्ता सुरक्षित ठेवण्याची वाजवी काळजी घेणे एवढेच कर्तव्य मागे उरते. म्हणजे मुलांना ज्या क्षणी आधाराची गरज लागेल, नेमक्या त्याच क्षणी ते मुखत्यारपत्र निरुपयोगी होईल. विश्वस्ताच्या नावावर मात्र मालमत्ता असते, त्याची निष्ठा लाभार्थींशी असते आणि व्यवस्था करणारी व्यक्ती गेल्यानंतरही त्याचे कर्तव्य चालू राहते.

हिशेब देणे आणि गुप्त नफा न घेणे ही बंधने दोघांवरही आहेत, परंतु त्यांची धार सारखी नाही. मुखत्याराने सर्व महत्त्वाची माहिती उघड करून मालकाची संमती घेतली, तर मालकाच्या कामात त्याला स्वतःसाठीही व्यवहार करता येतो. विश्वस्ताला विश्वस्त-मालमत्ता विकत किंवा भाड्याने घ्यायची असेल, तर कलम ५३ नुसार दिवाणी न्यायालयाची परवानगी लागते, आणि ती परवानगी लाभार्थींच्या उघड हिताची असल्याशिवाय मिळत नाही. मोबदल्याचेही तसेच आहे: मुखत्याराला तो कराराने मिळतो, तर विश्वस्ताला लेखात किंवा करारात तरतूद नसेल अथवा न्यायालयाने आदेश दिला नसेल, तर श्रमाचे काहीही मागता येत नाही. काळजीचे माप मात्र विश्वस्तासाठी साधेच आहे. सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या मालमत्तेची घेईल तेवढी काळजी त्याने घ्यावी.

म्हणून मसुदा बदलण्यापूर्वी दिरांना स्पष्टपणे विचारणे इष्ट ठरेल. विश्वस्तपद नाकारण्याची मोकळीक प्रत्येकाला आहे, पण एकदा स्वीकारल्यावर न्यायालयाची परवानगी, सर्व सज्ञान लाभार्थींची संमती किंवा लेखातील खास तरतूद यांपैकी काही असल्याशिवाय ते सोडता येत नाही. त्यांनी नकार दिल्यास उपयोगी पडेल असे दुसरे नावही मृत्युपत्रात असावे.