अर्धीच म्हण

मैत्रिणींनो, एखादं वाक्य कुसळासारखं कानात रुतून बसलंय, असं तुमचं कधी झालंय का? माझं झालं.

माझं माहेर इंदूरचं. बी. ए. झाले आणि लग्न होऊन अंबाजोगाईला आले. इथल्या एका शाळेत अर्धवेळ शिकवते. मागच्या हिवाळ्यात शिक्षकांची बैठक होती. भूगोलाचे नकाशे पार फाटले होते. "शेजारच्या शाळेतून मागून आणते," असं मी म्हटलं मात्र, मागून एक सर म्हणाले, "झालं! उघड्याकडं नागडं गेलं!"

सगळे हसले. माझे कान तापले. बायामाणसांसमोर हे काय बोलणं! दोन रात्री नीट झोप नाही. ह्यांना सांगावं, तर "सोड ती शाळा" म्हणतील, आणि मला ती सोडायची नव्हती.

शेवटी आमच्या शिवणाच्या बाईंना विचारायचं ठरवलं. त्या केज भागातल्या, वयानं मोठ्या आणि त्या दिवशी बैठकीत होत्या. सगळे घरी गेल्यावर, ते शब्द तोंडानं काढवेनात म्हणून चिठ्ठीवर लिहून त्यांच्यापुढं ठेवले. म्हटलं, "बाई, कुणाची तक्रार नाही करायची. इकडं याचा अर्थ काय होतो, तेवढंच सांगा. आणि ते मला उद्देशून होतं का, तेही."

बाई आधी हसल्या, मग माझा चेहरा बघून थांबल्या. "अगं, ही म्हण आहे. तू अर्धीच ऐकलीस. उघड्याकडं नागडं गेलं, अन् रातभर हिवानं मेलं! ज्याच्याच अंगावर पांघरूण नाही, त्याच्याकडं पांघरूण मागायला गेल्यावर दुसरं काय होणार? त्या शाळेतही नकाशे नाहीत, एवढंच सरांना म्हणायचं होतं. म्हण सगळ्यांना पाठ, म्हणून पुढचं कुणी बोलत नाही."

तरी खात्री करावी म्हणून घरी तुरीच्या शेंगा सोलताना सासूबाईंसमोर पहिला अर्धा भाग सहज म्हटला. त्यांनी मान वर न करता दुसरा पुरा केला!

बालाघाटाच्या डोंगरातली इथली थंडी मी तोवर दोन हिवाळे सोसली होती, म्हणून ते 'हिवानं' मला चांगलंच कळलं.

बाई आणखी एक बोलल्या, ते मी जपून ठेवलंय. "शब्द उघडा असला तरी रोख कशावर आहे ते बघावं. तुझ्या अंगावर, कपड्यावर रोख असता, तर मीच तुला घेऊन मुख्याध्यापकांकडं गेले असते."

नकाशे आणायला मी गेलेच. तिथं भिंतीवर नुसते खिळे! पुढच्या बैठकीत विचारणा झाली, तेव्हा उठून म्हटलं, "सर, रातभर हिवानं मेलं!"

या वेळी सगळे हसले, आणि मीसुद्धा.