कुलूप किल्लीला लाव

घराबाहेर पडताना माझ्या एका ज्येष्ठ नातेवाईक बाईंनी मुलाला सांगितले, “अरे, आधी कुलूप किल्लीला लाव.” मुलगा हसला आणि त्याने किल्ली कुलपाला लावली. आपणही अशा वेळी हसून विषय सोडून देतो. या वेळी मात्र थोडे थांबावे आणि हे वाक्य पुन्हा वाचावे, अशी माझी आपणांस विनंती आहे. या चुकीत जे चुकले त्यापेक्षा जे चुकले नाही ते अधिक पाहण्यासारखे आहे.

बाईंच्या मनातले वाक्य होते, “किल्ली कुलपाला लाव.” त्यातील दोन नामांनी जागा बदलल्या; ‘ला’ हा प्रत्यय मात्र दुसऱ्या जागीच राहिला. आता ‘कुलूप’ या नामाकडे पाहा. प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप ‘कुलपा’ असे होते. मधला ‘लू’ जाऊन ‘ल’ येतो. तयार झालेले रूपच उचलून पुढे आले असते, तर बाई “कुलपा किल्लीला लाव” असे काहीतरी म्हणाल्या असत्या. तसे झाले नाही. पुढे आलेले नाम ‘कुलूप’ या आपल्या मूळ रूपात उभे राहिले. “चहात साखर घाल” याऐवजी कोणी “साखरेत चहा घाल” म्हणतो, तेव्हा हेच उलट बाजूने दिसते. ‘साखर’ प्रत्ययाच्या जागी जाते आणि तिथे गेल्यावर निमूटपणे ‘साखरे’ होते. ‘साखरात’ असे तोंडातून निघत नाही.

यावरून क्रम ध्यानात येतो. वाक्याचा सांगाडा आणि त्यातील प्रत्ययांच्या जागा एकीकडे ठरतात, नामे त्या जागांवर नेमली जातात आणि सामान्यरूप त्यानंतर घडते. नेमणुकीत गफलत झाली तरी पुढचा कारागीर आपले काम चोख करतो. आपल्यापुढे आलेले नाम योग्य होते की नाही, हे पाहणे त्याचे काम नव्हे. व्याकरणाच्या पुस्तकात आपण पाठ केलेला सामान्यरूपाचा नियम बोलताना प्रत्यक्ष कोणत्या टप्प्यावर लागू होतो, हे शुद्ध वाक्यावरून कधीच कळले नसते.

आता वेगळ्या जातीची चूक घेऊ. ‘काळी मिरी’ म्हणताना ‘माळी किरी’ असे निघते. येथे शब्द आपापल्या जागी आहेत. केवळ त्यांचे आरंभीचे व्यंजन बदलले आहे. एक शब्द विशेषण, दुसरा नाम. ध्वनींना त्याचे सोयरसुतक नाही. त्यांना हवा असतो जवळचा शब्द आणि त्यातील तशीच जागा. शब्दांची अदलाबदल सहसा एकाच जातीच्या शब्दांत होते, नामाची नामाशी, आणि ती वाक्यात बरेच अंतर ओलांडू शकते. अमेरिकन अभ्यासक मेरिल गॅरेट यांनी 1975 मध्ये हाच भेद आधाराला घेऊन वाक्यरचनेचे दोन स्तर मांडले. एका स्तरावर कोणी कोणते काम करायचे ते ठरते, दुसऱ्यावर उच्चारांची ओळ लागते. त्याआधी, 1971 मध्ये, व्हिक्टोरिया फ्रॉमकिन यांनी अशा चुकाही भाषेचे नियम पाळतात हे दाखवून दिले होते.

या चुकांचा एक मोठा संग्रह रुडॉल्फ मेरिंगर आणि कार्ल मायर यांनी 1895 मध्येच प्रसिद्ध केला. फ्रॉइड यांनी 1901 मध्ये त्यातील उदाहरणे घेतली आणि चुकीमागे दडपलेली इच्छा शोधली. किल्ली-कुलपात त्यांना काय दिसले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी! अशी इच्छा क्वचित असेलही. परंतु ‘साखरे’ हे रूप तिच्यामुळे घडत नाही.

या पुराव्याला मर्यादा आहेत. आपल्या कानाला गमतीदार चूक चटकन ऐकू येते, किरकोळ चूक निसटते. शिवाय कान समजूतदार असतो. कोणी खरोखर “कुलपा किल्लीला” म्हणाले, तरी आपण ते मनात दुरुस्त करून ऐकले असण्याची शक्यता राहतेच. म्हणून चूक ऐकताच ती जशीच्या तशी टिपावी, स्मरणावर सोडू नये. बोलणाऱ्याला काय म्हणायचे होते ते त्यालाच विचारावे, आपण तर्क करू नये.

आणि टिपताना क्रियापद नीट ऐका. “किल्ली कुलपाला लावली” या वाक्यातील नामे उलटली, तर बोलणारा “कुलूप किल्लीला लावली” म्हणतो की “लावलं”? ‘लावलं’ आले, तर क्रियापदाचे लिंगही अदलाबदलीनंतर ठरले. ‘लावली’ आले, तर ते आधीच ठरून गेले होते आणि नामे त्याच्या पाठीमागे बदलली.