चार पानांचा शब्द

"कुस्ती, माती आणि माणुसकीची कहाणी." माझ्या ॲनिमेशनपटाच्या पिच डेकमधली ही पहिली लॉगलाइन वाचून मुंबईतल्या एका निर्मात्यानं विचारलं, "बरं, पण होतं काय?" मी विषय सांगितला होता, गोष्ट नव्हे.

कोल्हापूरला परतल्यावर महिनाभर त्याच एका ओळीशी झटलो. 2019 च्या पुरानंतरच्या दिवसांतून ही गोष्ट सुचली होती. शेवटी ओळ अशी उतरली: "पुरात आजोबांच्या तालमीची लाल माती वाहून जाते, आणि आखाड्यात पाऊल टाकायला मनाई असलेली नऊ वर्षांची गोदी दसऱ्याच्या आत ती माती पुन्हा तयार करायला निघते." कोण, काय गमावलं, आडवं काय येतं आणि मुदत किती, हे सगळं त्यात आलं. ओळ बदलली तशी उरलेली पानंही बदलावी लागली.

आधी रूपाचं पान. तिथं मी परदेशी चित्रपटांतल्या सुंदर चौकटी चिकटवल्या होत्या, त्या काढून टाकल्या. बाबूराव पेंटर कोल्हापुरातच चित्रीकरणाआधी पात्रांचे पोशाख नि हालचाली कागदावर रेखाटत. तसं आपल्या सिनेमातलं एक दृश्य स्वतः रंगवायचं ठरवलं: ताक, तेल, हळद, लिंबू घातलेली माती गोदी पायानं तुडवते आहे. आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रं डोळ्यांसमोर ठेवून पार्श्वभूमीला जलरंग वापरले. गोदीलाही जलरंगात रंगवून पाहिलं, तर हलताना दर चित्रागणिक रंगाचे डाग जागा बदलू लागले नि ती थरथरताना दिसली. म्हणून पात्रांना सपाट रंग दिले. ऐंशी मिनिटांच्या सिनेमात सेकंदाला बारा चित्रं धरली, तरी पूर्ण वेळ पडद्यावर असलेल्या एका पात्राची 57,600 चित्रं होतात. प्रत्येकात अंगावरची माती वेगळी काढणं परवडणारं नाही. मग मातीच्या तीनच पायऱ्या ठरवल्या: कोरे पाय, पोटरीपर्यंत माती, सर्वांगाला माती. या पायऱ्यांवरूनच गोदी आखाड्यात किती आत शिरली ते दिसतं.

प्रेक्षकांच्या पानावर 'सर्व वयोगटांसाठी' असं होतं. ते खोडून 'सात ते अकरा वर्षांची मुलं आणि त्यांना घेऊन येणारे आजी-आजोबा' असं लिहिलं. मग आजोबांचे प्रसंगही त्या तोलाचे हवेत, म्हणून पटकथेत दोन वाढवले.

संघाच्या पानावर नावांपुढे पदव्या होत्या. आता प्रत्येकानं पूर्ण केलेलं काम लिहिलं. लांब पल्ल्याचं ॲनिमेशन तडीस नेलेला निर्मिती-व्यवस्थापक आमच्याकडे नाही. ती जागा रिकामी ठेवून 'शोध चालू' असं स्पष्ट लिहिलं.

पुढच्या बैठकीत त्या निर्मात्यानं गोष्ट विचारली नाही. त्याचं बोट त्या रिकाम्या जागेवर थांबलं. "हा माणूस कधीपर्यंत मिळेल?" त्यानं विचारलं, आणि आमचं बोलणं प्रथमच सिनेमा कसा करायचा यावर आलं.