छत्तीसचा आकडा

दिवाळीनंतर मामाकडे गेलो होतो. मामाचं हार्डवेअरचं दुकान आहे: पाइप, नळ, एल्बो, खिळे, रंग, जे मागाल ते. जेवणं झाल्यावर मामानं कपाटावरून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. आत एप्रिलपासूनची खरेदीची बिलं. मोजली तर साधारण ३४०.

"भाचेबुवा, तुम्ही कॉम्प्युटरवाले ना? मला एवढंच सांगा, कुठला माल कुणाकडून कितीला घेतला. बस्स!"

आता तुम्ही म्हणाल, जीएसटी आल्यापासून सगळं ऑनलाइन असतं की! असतं, पण अर्धंच. ऑगस्ट २०२० पासून व्यापाऱ्याला जीएसटीआर-२बी नावाचं महिन्याचं पत्रक मिळतं. त्यात कुठल्या पुरवठादाराचं कितीचं बिल आणि त्यावर किती कर, हे दिसतं. पण पाव इंची निपल कितीला पडला ते त्यात नसतं. ते फक्त कागदावर, बिलाच्या मधल्या तक्त्यात. म्हणजे मला प्रत्येक बिलातली एकेक ओळ हवी होती: माल, नग, दर, रक्कम.

पुण्याला परत येताना डबा घेऊन आलो. म्हटलं, दोन शनिवार-रविवारचं काम! (सहा लागले.)

ओसीआरसाठी टेसरॅक्ट वापरला. फुकट आहे, एचपीनं १९८० च्या दशकात सुरू केलेला आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुला केलेला. बिलं ३०० डीपीआयला स्कॅन केली आणि ही आज्ञा दिली:

```
tesseract bill.png bill -l eng --psm 6 tsv
```

शेवटचं `tsv` महत्त्वाचं. त्यामुळे नुसता मजकूर मिळत नाही, तर प्रत्येक शब्द पानावर कुठे आहे आणि तो वाचताना प्रोग्रॅमला किती खात्री होती (१०० पैकी), हेही मिळतं. तक्त्यासाठी जागाच हवी असते, कारण ओसीआरला रकाना वगैरे काही कळत नाही. त्याच्या लेखी सगळे सुटे शब्द. एका उंचीवरचे शब्द एका ओळीत घालायचे आणि डावीकडून किती अंतरावर आहेत ते पाहून रकाने पाडायचे, हे आपलं काम.

पहिला दणका इथेच बसला. एल्बोच्या ओळीला खालच्या व्हॉल्व्हची रक्कम! आधी वाटलं माझ्याच कोडमध्ये घोळ आहे. मग लक्षात आलं की कागद स्कॅनरमध्ये जरासा तिरका बसला होता. ३०० डीपीआयला ए-फोर कागदाची रुंदी साधारण २४८० पिक्सेल भरते. एक अंश जरी तिरका झाला, तरी डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत ओळ ४३ पिक्सेल सरकते. आणि छापलेल्या दोन ओळींत अंतरच पन्नासेक पिक्सेलचं. म्हणजे मालाचं नाव एका ओळीत आणि पैसे शेजारच्या! स्कॅन आधी सरळ करून घेतल्यावर हा प्रकार थांबला.

दुसरा दणका जास्त लबाड होता. हे बघा, दोन ओळी जशा मिळाल्या तशा:

```
UPVC ELBOW 25MM  3917   48 NOS   1850    888.00
BALL VALVE 25MM  8481  112 NOS   145.00  1740.00
```

पहिल्या ओळीत दर १८५० रुपये. एका प्लॅस्टिकच्या एल्बोला! कागदावर १८.५० होते, पण प्रिंटरची शाई फिकी आणि दशांशाचा ठिपका स्कॅनमध्ये उडालेला. दुसऱ्या ओळीत ११२ व्हॉल्व्ह. कागदावर १२ होते. तक्त्याची उभी रेघ आकड्याला इतकी चिकटली होती की टेसरॅक्टनं तिचा एक केला. आणि खात्री किती? ९१! म्हणजे खात्रीच्या आकड्यावर विसंबून राहण्यात अर्थ नव्हता.

उभ्या रेघा चित्रातूनच पुसता येतात. ३०० डीपीआयला छापील आकड्याची उंची तीसेक पिक्सेल असते, तेव्हा १०० पिक्सेलपेक्षा लांब असलेली प्रत्येक उभी रेघ ओपनसीव्हीनं शोधायची आणि पांढरी करायची. खरा एक एवढा उंच नसतो, त्यामुळे तो वाचतो. पण रेघ आकड्याच्या अंगावरूनच गेली असेल तर पुसताना आकड्याचा लचका तुटतो. आणि उडालेला ठिपका तर कशानंच परत येत नाही.

मग एका रात्री सुचलं. गोष्टीचं पुस्तक ओसीआर केलं तर चुकीचा शब्द शब्दकोशात पाहून सुधारता येतो. आकड्यांना शब्दकोश नसतो, १८५० हाही आकडाच आणि १८.५० हाही. पण बिलाला स्वतःचं गणित असतं की! नग गुणिले दर बरोबर रक्कम. सगळ्या रकमांची बेरीज खालच्या करपूर्व एकूणाइतकी. ४८ गुणिले १८.५० म्हणजे ८८८, बसलं. १२ गुणिले १४५ म्हणजे १७४०, बसलं. तिन्हींपैकी दोन आकडे नीट वाचले गेले असतील तर तिसरा हाती लागतो.

मनाला येईल ते बदलायला मात्र बंदी घातली. ओसीआर ज्या चुका खरोखर करतं तेवढ्याच उलटवायच्या: शेवटच्या दोन अंकांआधी ठिपका घालून पाहायचा, पहिला किंवा शेवटचा एक काढून पाहायचा, नाहीतर एखादा अंक त्याच्या जुळ्या भावाशी बदलायचा. 5 आणि 6, 3 आणि 8, 1 आणि 7. एका ओळीत एकच बदल. आणि गणित बसवणारा असा बदल एकच सापडला तरच तो करायचा. हिशेब पैशांत, पूर्णांकात. (दशांशात केला की ०.०१ चे फरक कुठून उगवतात ते तुम्हाला माहीतच आहे!)

नावांसाठी वेगळा उपाय, मामाच्या मालाच्या यादीतलं सगळ्यात जवळचं नाव घ्यायचं. पण तिथेही ठेच लागली. २० एमएमचा एल्बो आणि २५ एमएमचा एल्बो यांत फरक एकाच अक्षराचा, तेव्हा 'जवळचं' म्हणून प्रोग्रॅम खुशाल भलताच एल्बो उचलायचा. शेवटी माप वेगळं काढलं आणि ते तंतोतंत जुळलंच पाहिजे असं ठेवलं.

मोठ्या पुरवठादारांच्या बिलांवर अनपेक्षित मदत मिळाली. ज्यांची उलाढाल पाच कोटींच्या वर आहे त्यांना ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे आणि त्यावर क्यूआर कोड असतो. त्यात ओळी नसतात, पण बिलात एकूण किती ओळी आहेत ते असतं. एखादी ओळ आख्खी गाळली गेली तर तिथे पकडता येते.

असो. सहाव्या रविवारी सगळं हिरवं झालं. ज्या ओळींचं गणित बसलं त्या हिरव्या, बाकीच्या लाल. लाल जेमतेम चाळीस उरल्या होत्या, त्या हातानं भरल्या आणि ऐटीत मामाकडे गेलो. मामा चष्मा लावून यादी बघायला लागला. बोट एका ओळीवर थांबलं.

"जीआय निपल छत्तीस? दिवाळीआधीच पस्तीस ठरलाय."

"बिलात छत्तीसच आहे, मामा. गणित बसतंय. साठ नग, छत्तीस दर, एकवीसशे साठ."

"बिल दाखव."

डब्यातून बिल काढलं. नग ६०. दर ३५.००. रक्कम २१६०.००. अगदी स्वच्छ छापलेलं, ना रेघ ना फिकी शाई. साठ पस्तीस एकवीसशे होतात! खालच्या एकूणात मात्र २१६० च धरलेले.

टेसरॅक्टनं बरोबर वाचलं होतं. चूक कागदावर होती, आणि ती मी 'सुधारली' होती. माझ्या नियमांत सगळं चोख बसत होतं. 5 चा 6 केला की ओळ जुळते, खालची बेरीजही २१६० लाच जुळते, म्हणजे दरच चुकीचा वाचला गेला असणार! गणित मला एवढंच सांगत होतं की तीन आकड्यांचं आपसात पटत नाहीये. भांडण स्कॅनरनं लावलंय की बिल लिहिणाऱ्यानं, हे त्याला कुठून कळणार? मी प्रत्येक वेळी खापर स्कॅनरवर फोडत होतो. आणि वाचलेला मूळ आकडा साठवलासुद्धा नव्हता, त्याच्या जागी थेट सुधारलेला लिहीत होतो. मामाला दर पाठ नसता तर त्यानं छत्तीस धरून विक्रीचा दर लावला असता आणि पुढच्या खरेदीलाही छत्तीसच मान्य केला असता. माझ्या यादीच्या भरवशावर!

त्या रात्री मामाच्या माडीवर बसून सगळं पुन्हा चालवलं. आता वाचलेला आकडा वेगळ्या रकान्यात तसाच राहतो, सुधारलेला त्याच्या शेजारी. बदल करण्याआधी तेवढा चौकोन मूळ चित्रातून कापायचा, तिप्पट मोठा करायचा आणि फक्त अंक वाचायची सक्ती करून तो एकटाच पुन्हा टेसरॅक्टला द्यायचा. दुसऱ्या वाचनात आकडा बदलला, तर पहिलं वाचन कच्चं होतं असं समजून सुधारणा करायची. दोन्ही वेळा तेच आलं आणि तरी गणित बसत नसेल, तर हात लावायचा नाही. ती ओळ पिवळी. पिवळ्या ओळीपुढे कापलेल्या चौकोनाचं चित्र दिसतं, ते माणसानं बघायचं. बारावाला चिकटलेल्या रेघेसारखी चूक दोन्ही वेळा तशीच येते, त्यामुळे पिवळ्या ओळी वाढल्या: चाळीस लालांच्या जोडीला एकशे दहा पिवळ्या. मामेबहिणीनं चहा पिता पिता तासाभरात संपवल्या. चित्र बघायचं आणि बरोबर की चूक एवढंच सांगायचं.

त्यातल्या बहुतेक स्कॅनच्याच चुका निघाल्या. पण निपलची ओळ पाच बिलांत पिवळी होती, पाचही एकाच पुरवठादाराची. मामानं सकाळी फोन लावला. तिकडचा पोरगा एक्सेलमध्ये बिल करायचा, जुन्याची नक्कल करून. दर बदलला, पण रक्कम सूत्रानं नाही तर हातानं टाकलेली, ती तशीच राहायची. नग बदलले की छत्तीसनंच गुणून टाकायचा, सवयीनं. पाच बिलांत मिळून ३९० नग, नगामागे एक रुपया. त्यावर अठरा टक्के कर धरून ४६० रुपये २० पैसे.

"एवढ्यासाठी फोन?" मी विचारलं.

"पैशाचं नाही रे. पस्तीस हा शब्द झालेला."

आठवड्यात क्रेडिट नोट आली. मामानं तिचा फोटो पाठवला, तिरका, वर ट्यूबलाइटची चमक. मी स्कॅन करून पाठवायला सांगितलं.

डब्याच्या तळाशी अजून एक गठ्ठा आहे. हातानं लिहिलेली, कार्बनची, फिकट निळी बिलं. छापील अक्षरांसाठी केलेल्या टेसरॅक्टपुढे ती ठेवली तर तो काहीबाही बरळतो आणि त्या बरळण्यातून दोन आकडेही नीट हाती लागत नाहीत, मग तिसरा कुठून काढणार? ती मामेबहीण हातानं टाइप करते आहे. गणित तपासायचं काम तेवढं माझ्या प्रोग्रॅमकडे.