‘आणि’ लिहिताना

आमच्या ऑफिसात दिवसभर फार कमी बोललं जातं. विम्याची पत्रकं, बँकांचे अर्ज, औषधांसोबतच्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या असं काय काय मराठीत आणायचं काम. त्यामुळे खोलीत आवाज असतो तो कीबोर्डांचा. पावसाळी दुपारी बाहेर पत्र्यावर सर वाजायला लागली की कुठला आवाज कुठला ते कळत नाही. त्या आवाजात एकीची टिकटिक मधेच थांबायला लागली होती. थांबायची, हात झटकायची, पुन्हा सुरू. मग एक दिवस ती माझ्या टेबलाशी आली. "ताई, साहेबांना मेल करायचाय. जरा बघता?"

मेल तीन ओळींचा होता. मनगट फार दुखतं, काम करणं अवघड जातं, जमल्यास एर्गोनॉमिक कीबोर्ड मिळावा, आपली आज्ञाधारक वगैरे. खोटं त्यात काहीच नव्हतं. पण साहेब वाचून काय म्हणतील, तेही दिसत होतं. म्हणतील, "अहो, मनगट माझंही दुखतं." दुखणं हा असा ऐवज आहे की तो ज्याचा त्यालाच दिसतो. मंजुरीची सही करणाऱ्याला दिसेल असं त्यात काहीतरी घालायला हवं होतं.

म्हणून विचारलं, कुठलं मनगट? तिनं डावा हात पुढे केला. ती उजव्या हातानं लिहिते, माऊसही उजव्याच हातात. दुखतोय मात्र डावा, तोही करंगळीच्या बाजूला, जिथे मनगटाचं हाड टेंगळासारखं वर येतं त्याच्या जरा पुढे.

ही जागा नीट विचारून घ्यावी, कारण मनगटाचं प्रत्येक दुखणं एक नसतं. बोटं मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस मनगटाच्या तळहाताकडच्या एका अरुंद बोगद्यातून जातात. सुट्टीच्या दिवशी एसटीच्या दारात असते तशी तिथे दाटी. त्या दोऱ्यांची आवरणं सुजली की चेंगरते ती नस, आणि मग अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना मुंग्या येतात. त्या बहुधा रात्री येतात, माणूस झोपेतून उठून हात झटकतो. करंगळी त्यातून सुटते, कारण तिची नस त्या बोगद्यातून जातच नाही. हे ते कार्पल टनेल. हिच्या अंगठ्याला काही नव्हतं, रात्री झोप शांत होती. हिचं दुखणं बाहेरच्या काठावरच्या स्नायूबंधांचं होतं, मनगट पुन्हा पुन्हा करंगळीकडे वाकवल्यानं ताणलेल्या. डॉक्टरांनीही तेच सांगितलं होतं.

पण डावंच का? हा प्रश्न साहेब विचारणारच होते. मी खुर्ची तिच्या शेजारी ओढली आणि म्हटलं, तू तुझं काम कर, मी नुसती बघते.

ती इन्स्क्रिप्टवर टाइप करते. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं 1986 साली ठरवलेली ही मांडणी. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, आणि क वर शिफ्ट दाबली की ख, त वर दाबली की थ. एकदा बोटांत बसली की डोळ्यांची गरज राहत नाही. रेमिंग्टनवर टायपिंगच्या परीक्षा दिलेली मंडळी तिला नाकं मुरडतात, पण मला ती मांडणी आवडते. व्याकरण कुणीतरी बोटांवर वाटून दिलंय असं वाटतं. मराठीत व्यंजनामागून पुष्कळदा मात्रा येते, तेव्हा हात आळीपाळीनं पडतात, उजवा-डावा, उजवा-डावा. पण नेहमीच नाही. ‘पाणी’चा प उजव्या हाताचा, पुढचं सगळं डाव्याचं.

मग ‘आणि’ आलं. आ म्हणजे शिफ्ट आणि E. ण म्हणजे शिफ्ट आणि C. र्‍हस्व वेलांटी F वर. E, C, F या तिन्ही कळा डाव्या हाताच्या. टायपिंगच्या शिस्तीप्रमाणे डाव्या कळेसाठी शिफ्ट उजव्या करंगळीनं दाबायची असते. पण ही शिस्त किती जण पाळतात? तिची डावी करंगळी कोपऱ्यातल्या शिफ्टवर जाऊन रोवली जायची, त्याच हाताचं मधलं बोट वर E कडे, मग खाली C कडे, आणि मनगट करंगळीच्या दिशेनं असं मुरडायचं की बघवत नव्हतं. एका ‘आणि’त दोनदा. आणि ‘आणि’ नाही असं पान मराठीत सापडायचं कुठे! शिवाय शब्दाच्या सुरुवातीला येणारे अ, आ, इ, उ, ए हे सगळे शिफ्टचेच. ख, घ, थ, ध, भ, श, ळ यांच्या कळा उजवीकडे, म्हणून त्यांची शिफ्ट हक्कानं डावीच. हिशेब केला तर त्या एका करंगळीवर अर्ध्या बाराखडीचा भार.

सरकारी परिपत्रकांत जिथे तिथे ‘व’ का असतो, याचं उत्तर मला त्या दिवशी सापडलं असं वाटलं. ‘व’ची कळ एकच, शिफ्ट नाही. आमच्या शैलीपत्रकात मात्र ‘आणि’च.

लिहिणाऱ्या हातांचं दुखणं तसं जुनंच. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्यानं 1700 साली कामकऱ्यांच्या व्याधींवर ग्रंथ लिहिला. 1713च्या आवृत्तीत त्यानं लेखनिकांवर प्रकरण जोडलं. सतत बसणं, हाताची एकाच प्रकारची अखंड हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावरचा ताण, अशी कारणं त्यानं दिली आहेत. त्याच्या ओळखीतल्या एका दस्तलेखकाचा उजवा हात लिहून लिहून निकामी झाला. तो डाव्या हातानं लिहायला शिकला, तर काही काळानं डावाही गेला. टाकाच्या जमान्यातली ही गोष्ट. दुखणं हाताबरोबर बदललं नाही, कारण काम तेच राहिलं.

आता कीबोर्डाकडे. आपले खांदे रुंद, आणि अक्षरांच्या कळा छातीसमोर वीतभर जागेत. कोपरांपासून हात तिरके आत येतात आणि कळांची रांग सरळ, म्हणून पंजे मनगटातून बाहेर वळवावे लागतात. मी लाकडी पट्टी तिच्या कोपरापासून हाताच्या पाठीवर ठेवली. पट्टी मधल्या बोटावर यायला हवी होती, ती तर्जनीच्याही आत गेली. शिफ्टकडे करंगळी गेली की आणखी आत. त्यात कीबोर्डचे मागचे दोन छोटे पाय उभे केलेले, त्यानं मनगट वरच्या दिशेनंही मोडलेलं. मोबाइलवर वरून एक फोटो काढला. तिच्या तीन ओळींत जे नव्हतं ते त्या फोटोत होतं.

पण मेल लगेच पाठवू दिला नाही. नवी वस्तू मागण्याआधी फुकटात होणारं करून बघितलेलं बरं, नाहीतर तोच पहिला प्रश्न येतो. कीबोर्डचे पाय मिटवले. खुर्ची वर घेतली, कोपरं कळांच्या पातळीला आली. नंबरांच्या कळांमुळे अक्षरं डावीकडे सरकलेली असतात, म्हणून अख्खा कीबोर्ड उजवीकडे सरकवून G आणि H च्या मधली फट बेंबीसमोर आणली. आणि उजवी शिफ्ट. ती सवय लावताना तिनं किती शब्द मोडले असतील देव जाणे. विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की स्टिकी कीजबद्दल विचारणा होते. ते चालू केलं की शिफ्ट दाबून धरावी लागत नाही, आधी शिफ्ट सोडून मग अक्षर दाबलं तरी चालतं. पंधरवड्यात दुखणं निम्म्यावर आलं. उरलं ते पट्टीनं दाखवलेल्या वाकड्या कोनाचं, आणि त्याला सरळ कीबोर्डवर उपाय नव्हता.

मग मेल लिहिला. तो असा:

"सर, नमस्कार. टाइप करताना माझ्या डाव्या मनगटाला करंगळीच्या बाजूनं दुखतं. दुपारनंतर वाढतं, रविवारी जवळजवळ नसतं. डॉक्टरांनी मनगट वाकवून काम न करण्याचा सल्ला दिला आहे, चिठ्ठी सोबत आहे. खुर्चीची उंची, कीबोर्डची जागा आणि शिफ्ट दाबायची पद्धत बदलून पाहिली, त्यानं निम्मा फरक पडला. उरलेला त्रास सरळ कीबोर्डमुळे मनगट बाहेर वळतं त्याचा आहे, फोटोत दिसेल. त्यासाठी दोन स्वतंत्र भागांचा स्प्लिट कीबोर्ड मिळावा. कोटेशन जोडलं आहे. सुरुवातीचे एक-दोन आठवडे माझा वेग कमी होईल, म्हणून तिमाहीच्या फाइली गेल्यावर बदल करावा ही विनंती. महिनाभर वापरून काय फरक पडला ते कळवीन. उपयोग झाला नाही तर कीबोर्ड स्टोअरला जमा करीन."

‘आज्ञाधारक’ काढलं. ‘जमल्यास’ही. वेग कमी होईल हे वाक्य तिला नको होतं. म्हणाली, "ताई, आपणच कशाला सांगायचं?" मी ठेवायला लावलं. कारण ते होणारच होतं, आणि आधी सांगितलेली गोष्ट नंतर तक्रार होत नाही.

झालंही तसंच. कीबोर्डचे दोन भाग खांद्यांएवढे लांब ठेवले, मनगट पट्टीच्या रेषेत आलं, आणि पहिल्याच दिवशी तिचा ‘व’ हरवला. व B वर असतो. सरळ कीबोर्डवर ती तो उजव्या तर्जनीनं दाबायची. इथे B डाव्या भागात, उजवी तर्जनी टेबलावर टकटक करायची. काही कीबोर्डांवर B दोन्ही भागांत असते, खरेदी करताना हे बघून घ्यावं. कळांवर देवनागरी अक्षरं नव्हती, बोटांवर विसंबणाऱ्या तिला त्याचं काही नव्हतं. ज्यांना कळा बघून टाइप करायची सवय आहे त्यांना स्टिकर लावावे लागतील.

महिन्यानं तिनं साहेबांना दोन ओळी पाठवल्या. दुखणं दुपारचं गेलं, सलग मोठी फाइल असली की संध्याकाळी अजून जाणवतं. कीबोर्ड मनगट सरळ करतो, ‘आणि’ कमी करत नाही. त्यासाठी तासाभरानं उठावंच लागतं, आणि ते कोटेशनमध्ये येत नाही.

तुम्हालाही असा मेल लिहायचा असेल तर आधी आपल्या हातावर पट्टी ठेवून एक फोटो काढून घ्या. आणि अंगठ्याला, तर्जनीला मुंग्या येऊन रात्री जाग येत असेल, तर कीबोर्डच्या मंजुरीची वाट बघू नका, पहिली वेळ डॉक्टरांची घ्या.