अकरावं पान

गेल्या दिवाळीपासून माझ्या उजव्या कानात यंत्र आहे. समोरच्याचं बोलणं कळतं, पण बारीक अडखळणं निसटतं. तोतऱ्या मुलांच्या अडखळण्याची मोजदाद करण्यात जिचं आयुष्य गेलं, तिची यापेक्षा मोठी फजिती नाही. टेबलाखालच्या वहीत मी पेन्सिलीने रेघा ओढत असे. दर शंभर अक्षरांमागे किती अडकली, ते माझ्याइतकं अचूक कोणी टिपत नाही, हा तोरा होता.

सात वर्षांचा एक मुलगा आजीबरोबर येतो. वाढदिवसाला त्याला आपलं बोलणं तस्संच परत म्हणणारा बोलका पोपट मिळाला होता. पोपटाने त्याचं 'म-म-मला' चिरक्या आवाजात सगळ्या घराला ऐकवलं. मामाने कराओकेचा माईक दिला. बोलण्याची भेट म्हणून जे जे दुकानात मिळतं, ते बहुधा मुलाच्या तोंडापुढे आरसा धरतं.

माझंही काही वेगळं नव्हतं. पूर्वी मी हातात घालायच्या बाहुल्या वापरायचे. बाहुलीच्या आवाजात मूल घडाघडा बोलतं. गाताना, एका सुरात म्हणतानाही अडकत नाही. लगेच मी आईला आत बोलावून तो चमत्कार दाखवायचे. बाहुली उतरली की दाराशीच 'म-म-मावशी, येतो'. तो चमत्कार माझा नव्हताच, पण टाळ्या मी घेतल्या.

या मुलाला मी पत्त्यांचा साधा कॅट दिला आणि एकवीस पानांची जादू शिकवली. सात-सात पानांच्या तीन रांगा, एकेक पान आडवं वाटत जायचं. समोरच्याने मनात पान धरून फक्त रांग सांगायची. ती रांग मधे ठेवून गठ्ठा उचलायचा. असं तीनदा केलं की वरून अकरावं पान त्याचंच.

जादूगार न बोलताही हे करू शकतो. रांगेकडे बोट दाखवायचं, शेवटी पान उलटायचं. बोलायचंच असेल, तर त्याआधी कितीही वेळ थांबावं, जादूगाराचं थांबणं कोणाला खुपत नाही. 'नाव-गाव-फळ-फूल'मध्ये घड्याळ मानगुटीवर असतं, अंताक्षरीत 'टिक टिक वन' सुरू होतं. इथे वेळ त्याच्या हातात.

पण अडचण पानाच्या नावाशीच आहे. एरवी ही मुलं हुशारीने शब्द बदलतात, 'पाणी' अडलं तर 'तहान लागली' म्हणतात. 'किलवरची सत्ती'ला दुसरं नाव नाही. मी पहिल्याच दिवशी घाई केली, "उलटताना नाव मोठ्याने सांग हं" म्हटलं. त्याने गठ्ठा टेबलावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसला. खेळ माझ्या हातून क्षणात औषध झाला होता.

दोन आठवडे मी नावाचा विषय काढला नाही. मग एकदा आजीला जादू दाखवताना तो आपणहून "कि... कि..." करू लागला. इथे मला नवं काही दिसलं. बाकी सगळीकडे लोक त्याचा शब्द पुरा करतात. या खेळात शब्द ठाऊक असलेल्यालाच गप्प बसावं लागतं, नाहीतर परीक्षाच संपते. आजीला ते जमलं नाही. "किलवरची सत्ती!" मायेने म्हणाली.

"स-स-सांगायचं नसतं, आजी!" तो तिच्यावर खेकसला. अडकला, पण रागाच्या भरात त्याला पत्ता नव्हता. मी मात्र सवयीने वहीकडे हात नेला.

'तोतरेपणा हमखास बरा' अशा पाट्या लावणाऱ्यांची मी चेष्टा करते. घरोघरी वेखंड उगाळून चाटवणाऱ्यांवरही चिडते. सिडनीच्या लिडकम पद्धतीत लहान मुलांचे पालक न अडकता बोलल्याची दाद देतात, पण तिथे मुलाला ते माहीत असतं. माझं हसू चोरटं होतं. वाक्य सरळ आलं की मी हसायचे, अडकलं की डोळे त्याच्या ओठांवर. 'लक्ष न वेधता' म्हणायचं आणि चेहऱ्यावर गुणपत्रिका टांगायची.

त्याने ती केव्हाच वाचली होती. परवा रांगा मांडता मांडता त्याने विचारलं, "मावशी, वहीत माझं अ-अडकणं लिहिता ना?"

वीस वर्षांपूर्वी मी 'खेळाचे गुण' म्हणून थाप मारली असती. या वेळी "हो" म्हटलं.

"आज किती?"

"ऐकूच आलं नाही रे नीट."

त्याने माझ्या कानातल्या यंत्राकडे रोखून पाहिलं. मग एकेक पान खाली ठेवत म्हणाला, "मग प-पान धरा मनात. आणि आजीसारखं सांगू नका."